दोनच सोयी सांगा, पण नीट सांगा

फोनमधले एखादे ॲप अपडेट झाले की त्याच्याखाली चार ओळी येतात. बहुतेक वेळा त्या अशा असतात: ‘कार्यक्षमतेत सुधारणा, त्रुटी दुरुस्त, नवा इंटरफेस, सुरक्षा अद्ययावत’. वाचणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, म्हणून तो पुढे सरकतो. कंपनीने मात्र कधीकधी खरोखर उपयोगी काहीतरी केलेले असते आणि ते यादीत सातव्या क्रमांकावर पडून राहते. पतसंस्था, दूध संस्था, शाळा, गृहनिर्माण संस्था असे सगळेच आज स्वतःचे ॲप चालवतात. त्यामुळे अशा चार ओळी लिहिण्याची वेळ संगणक तज्ज्ञांइतकीच संस्थेच्या सचिवावर आणि कार्यालयातल्या लेखनिकावरही येते. त्या कशा लिहाव्यात हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, एका दूध संस्थेचे ॲप आहे. सभासद शेतकरी सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालतात. लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर यांची पावती ॲपमध्ये येते आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. ॲप बनवणाऱ्या मंडळींनी नवी आवृत्ती तयार केली आणि कार्यालयाला बदलांची यादी पाठवली. नेट नसताना पावती पाहता येणे, बिलातली कपात बाबवार दिसणे, गडद रंगाचा पडदा, नवे चिन्ह, लॉगिन जलद होणे, महिन्याच्या दुधाचा आलेख, सुरक्षेतील दुरुस्ती, पीडीएफ बिलातला टंक सुधारणे आणि जुन्या अँड्रॉइडवर ॲप बंद होणे, अशा नऊ गोष्टी तिच्यात आहेत. कार्यालयाचा पहिला कल ही नऊच्या नऊ कलमे जशीच्या तशी छापण्याकडे असतो, कारण प्रत्येकामागे कोणाचे तरी काम असते आणि काही वगळले तर वाईट वाटेल अशी भीती असते.

पण हा मजकूर जुन्या सभासदासाठी आहे. ॲप काय आहे, कशासाठी आहे, हे त्याला सांगावे लागत नाही, कारण तो ते रोज वापरतो. त्याला एवढेच जाणून घ्यायचे असते की काल जे करता येत नव्हते ते आज काय करता येते आणि ते कुठे सापडेल. म्हणून प्रत्येक कलमाला दोन प्रश्न विचारावेत. सभासद आपणहून ज्याची तक्रार करतो किंवा ज्यासाठी कार्यालयात फोन करतो, ते यातून सुटते का? आणि सांगितले नाही तर हा बदल त्याच्या लक्षात येईल का?

नवे चिन्ह फोनवर दिसतेच, ते सांगण्याची गरज नाही. लॉगिन जलद झाले हे लॉगिन करतानाच कळते. सुरक्षेतील दुरुस्ती आवश्यक असली तरी तिच्यासाठी सभासदाला वेगळे काही करायचे नसते. आलेख छान आहे, पण तो कोणी मागितलेला नव्हता. याउलट, गोठ्यात किंवा रानात रेंज नसल्यामुळे पावती उघडत नाही, ही तक्रार जुनी आहे. आणि बिल निघाले की कार्यालयात हमखास येणारा फोन म्हणजे, ‘साहेब, एवढी कपात कशाची?’ पशुखाद्य किती, उचल किती, हे आता ॲपमध्ये वेगवेगळे दिसणार असेल तर ते सांगायलाच हवे, कारण सांगितल्याशिवाय बिलाच्या आत दडलेले ते बटण कोणी दाबणार नाही. आपल्या दोन सोयी इथे सापडल्या.

दोनच का, हा प्रश्न रास्त आहे. एकच सोय सांगितली तर ज्याला ती लागू नाही त्याच्यासाठी सारा मजकूर वाया जातो. रोज पावती पाहणारा सभासद वेगळा आणि फक्त बिलाच्या दिवशी ॲप उघडणारा वेगळा. दोन सोयी निवडताना त्या अशा दोन वेगळ्या माणसांच्या असाव्यात. तिसरी, चौथी आली की मजकुराची यादी होते आणि वाचणारा वाक्ये वाचायचे सोडून नुसती नजर फिरवतो.

नऊमधले एक कलम मात्र या मजकुरात आणू नये आणि टाकूनही देऊ नये: जुन्या अँड्रॉइडवर ॲप बंद होणे. ही सोय नव्हे, काही सभासदांची अडचण आहे. आनंदाच्या बातमीच्या शेपटीला ती जोडली तर ज्यांना ती कळायला हवी त्यांच्याच नजरेतून सुटते. त्यांना वेगळा संदेश, आधी आणि तारखेसह, पाठवावा. ॲप एखादी नवी परवानगी मागणार असेल किंवा रोजचे बटण दुसरीकडे हलले असेल, तर तोच नियम लागू होतो.

आता वाक्ये. कार्यालयाने पहिल्या सोयीसाठी लिहिले: ‘आता ॲप पूर्णपणे ऑफलाइन!’ हे खरे नाही. पावती आधी संस्थेच्या संगणकावरून फोनमध्ये उतरावी लागते आणि त्यासाठी एकदा नेट लागतेच. संध्याकाळचे दूध घालून सभासद थेट रानात गेला आणि तिथे ॲप उघडले, तर त्याला आजची पावती दिसणार नाही आणि तो म्हणेल, संस्था खोटे बोलते. म्हणून अट वाक्यातच यायला हवी. ‘पावत्या’ हा शब्दही पडद्यावर जसा आहे तसाच हवा. बटणावर ‘पावत्या’ आणि मजकुरात ‘स्लिप’ असे झाले तर माणूस शोधत बसतो. दुरुस्त मजकूर असा होतो:

> दुधाची पावती एकदा नेटवर उघडली की नंतर नेट नसतानाही दिसते. ‘पावत्या’त मागच्या दहा दिवसांचे लिटर, फॅट आणि दर पाहा.
>
> बिलातली कपात आता वेगवेगळी दिसते. पशुखाद्य, उचल आणि इतर रक्कम पाहण्यासाठी ‘बिल’ उघडून ‘कपात’वर टॅप करा.
>
> काही किरकोळ दुरुस्त्याही केल्या आहेत. आवृत्ती 5.2

प्रत्येक परिच्छेदात आधी लाभ येतो, मग जागा. आवृत्तीचा क्रमांक सभासदाला काही सांगत नाही, पण फोनवर मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला तो विचारावा लागतो, म्हणून तो शेवटी राहू द्यावा. ‘डाउनलोड करा’ हे आवाहन इथे चालत नाही, कारण ॲप आधीच फोनमध्ये आहे. अनेकांच्या फोनमध्ये तर अपडेटही आपोआप झालेले असते. त्यांना फक्त कुठे बोट ठेवायचे ते सांगायचे आहे.

लांबीचा विचार मराठीत जास्त काळजीने करावा लागतो. गुगल प्लेवर नव्या आवृत्तीच्या टिपणाला प्रत्येक भाषेसाठी 500 अक्षरांची मर्यादा आहे. ॲपलच्या ॲप स्टोअरवर ती 4000 आहे, पण तिथेही पडद्यावर आधी सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात. या मोजणीत काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह ही सगळी स्वतंत्र धरली जातात. ‘क्षेत्र’ हा शब्द कागदावर दोन अक्षरांचा दिसतो, पण संगणक त्याची सात मोजतो. त्यामुळे इंग्रजीत आरामात बसणारा मजकूर मराठीत मर्यादेबाहेर जातो आणि घाईत कोणीतरी शेवट कापून टाकतो. वरचा मजकूर 500 मध्ये सहज बसतो. इन्स्टाग्रामवर मथळ्याची मर्यादा 2200 असली तरी सुमारे सव्वाशे अक्षरांनंतरचा भाग दडतो आणि तो वाचायला आणखी एक टॅप करावी लागते. आपला पहिला परिच्छेद त्या सव्वाशेच्या आत आहे. रोज लागणारी सोय पहिली ठेवली ती त्यासाठीच.

गुगल प्लेवर मराठी टिपण `<mr-IN>` आणि `</mr-IN>` या खुणांच्या मध्ये टाकतात. इंग्रजी टिपण भरून मराठीचा रकाना रिकामा सोडण्याची चूक फार होते. मग गावातल्या सभासदाला परकी भाषा दिसते आणि सारी मेहनत वाया जाते.

मजकूर चांगला असूनही फसतो तो बहुधा वेळेमुळे. नवी आवृत्ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळेलच असे नाही. ॲप स्टोअरवर टप्प्याटप्प्याने वितरण निवडले तर आपोआप होणारे अपडेट 7 दिवसांत पसरते. पहिल्या दिवशी 1 टक्का, मग 2, 5, 10, 20, 50 आणि सातव्या दिवशी 100 टक्के. गुगल प्लेवर ही टक्केवारी ॲपवाले स्वतः ठरवतात आणि ज्यांची पाळी आलेली नाही त्यांना ती आवृत्ती मिळतच नाही. अशात पहिल्याच दिवशी संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर मजकूर टाकला, तर ‘आमच्याकडे दिसत नाही’ असे निरोप येऊ लागतात. काही वेळा अपडेट होऊनही सोय दिसत नाही, कारण ती संस्थेच्या संगणकावरून नंतर चालू केली जाते. म्हणून स्टोअरमधले टिपण आवृत्तीबरोबर जाऊ द्यावे, पण गटावरचा आणि समाजमाध्यमावरचा मजकूर वितरण 100 टक्के झाल्यावर, एखाद्या साध्या, जुन्या फोनवर दोन्ही सोयी उघडून पाहिल्यावरच टाकावा. सोबतचा स्क्रीनशॉट त्याच फोनचा असावा आणि त्यात कोणा खऱ्या सभासदाचे नाव किंवा बिल दिसू नये.

मजकूर पोचला की नाही, हे ‘लाइक’वरून ठरत नाही. पुढच्या बिलानंतर ‘कपात’ हे बटण किती जणांनी उघडले, हे ॲपवाले सांगू शकतात. कपातीबद्दलचे फोन कमी झाले का, हे कार्यालयाला स्वतःलाच कळते. फोन तेवढेच राहिले आणि बटणही कोणी उघडले नसेल, तर मजकुरात जागा नीट सांगितलेली नाही. बटण उघडले जाते आणि तरी फोन येतात, तर दोष मजकुरात नाही. कपातीचा पडदाच समजत नाही आणि तो बदलायला हवा.

पुढचे अपडेट येईल तेव्हा बदलांची यादी हातात घेण्याआधी गेल्या महिन्यातले तक्रारींचे रजिस्टर उघडा. सभासदांनी ज्या दोन गोष्टी वारंवार विचारल्या, त्यांची उत्तरे नव्या आवृत्तीत असतील तर तेवढीच लिहा. आणि ती नसतील, तर मजकुरावर वेळ घालवण्याआधी पुढच्या आवृत्तीत काय हवे, ते ॲप बनवणाऱ्यांना कळवा.