गाठीच्या वर बोटं जुळतात का?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे हत्तीरोग जुनाच. त्यामुळे पुरुषाच्या अंडकोषाला सूज आली की घरचेच निदान करून मोकळे होतात: ‘पाणी झालंय.’ पुष्कळदा ते बरोबरही असतं. वृषणाभोवतीच्या आवरणात पाणी साचतं, तेच हायड्रोसील. पण समजा, पन्नाशीचे एक हमाल उजव्या बाजूची सूज दाखवायला आले आणि म्हणाले, ‘संध्याकाळपर्यंत वाढते, सकाळी उठलो की नसतेच.’ इथे डॉक्टरांना शंका यायलाच हवी. मोठ्या माणसाच्या हायड्रोसीलमधलं पाणी एका रात्रीत ओसरत नाही.

लाजेपोटी पेशंट लगबगीने टेबलावर आडवा होतो आणि निम्मा पुरावा तिथेच जातो. तपासणी आधी उभ्यानेच करायची. डॉक्टर अंगठा आणि तर्जनी सुजेच्या वर, जांघेलगत ठेवून चिमटीत धरतात. चिमटीत नुसती दोरीसारखी वृषणरज्जू आली, तर सूज अंडकोषातलीच. आपल्या हमालांच्या बाबतीत बोटं जुळतच नाहीत, कारण सूज थेट जांघेतून खाली उतरली आहे. खोकायला सांगितलं की बोटांना धक्का बसतो. आडवं केल्यावर ती गुरगुरत पोटात परत जाते. हा हर्निया, म्हणजे अंतर्गळ. आतडं खाली उतरलेलं. ‘पाणी’ समजून कुणी सुई घातली असती तर आतड्यालाच भोक पडलं असतं.

हायड्रोसीलमध्ये बोटं वर जुळतात, खोकल्याचा धक्का लागत नाही आणि पाण्यात लपलेलं वृषण सहसा वेगळं हाताला लागत नाही. खोलीत अंधार करून मागून टॉर्च लावला की सूज लालसर उजळते. मात्र टॉर्चवर फार विसंबू नये. जुन्या हायड्रोसीलचं आवरण जाड झालं की उजेड पलीकडे येत नाही; उलट तान्ह्या बाळाचा हर्नियाही उजळू शकतो. शिवाय तरुण मुलाच्या पाण्याआड वृषणाची गाठ दडलेली असू शकते, म्हणून सोनोग्राफी हवी.

व्हेरिकोसील म्हणजे फुगलेल्या शिरा. उभ्याने, श्वास रोखून कुंथायला लावलं की पिशवीत गांडुळं भरल्यासारख्या त्या लागतात आणि आडवं होताच बहुधा विरतात. दुखणं ओढल्यासारखं, बाजू बहुतेक डावी. कारण डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त चढायला जड जातं. नुसत्या उजव्या बाजूला, एकाएकी आलेलं किंवा आडवं होऊनही न विरणारं व्हेरिकोसील दिसलं, तर पोटाची आणि मूत्रपिंडाचीही सोनोग्राफी करतात. तिथली गाठ शीर दाबत असू शकते.

हमालांना शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. तोवर सूज कडक झाली, आत जाईना, दुखून उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट पाहायची नाही. त्याच रात्री इस्पितळ गाठायचं. सूज नसलेल्या तरुणाचं वृषण अचानक असह्य दुखू लागलं तरी घाई तेवढीच: पीळ पडलेलं वृषण वाचवायला हाताशी साधारण 6 तास असतात.