एकाच पायाची सूज, अचानक लागलेली धाप : गर्भनिरोधक गोळ्या घेताना ओळखायच्या खुणा

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही संप्रेरके असलेल्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती काहीशी वाढते. यकृतात तयार होणाऱ्या, रक्त गोठविणाऱ्या घटकांचे प्रमाण इस्ट्रोजेनमुळे वाढते, हे त्याचे कारण. गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षभरात सुमारे दोघींना शिरेत गुठळी होते; ‘माला-डी’प्रमाणे लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत ही संख्या पाच ते सात असते. ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांत ती नऊ ते बारापर्यंत जाते. धोका अल्प आहे, गरोदरपणातील धोक्याहूनही कमी. परंतु गोळ्या सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तो सर्वाधिक असतो.

समजा, चौतीस वर्षांच्या एका स्त्रीने अनियमित पाळीसाठी दोन महिन्यांपूर्वी या गोळ्या सुरू केल्या. रेल्वेच्या अठरा तासांच्या प्रवासानंतर तिची डावी पोटरी दुखू लागते. पायात गोळा आला असेल, असे समजून घरी तेल चोळले जाते. मात्र गोळा आल्याची कळ बहुधा काही मिनिटांत ओसरते; ही वेदना दुसऱ्या दिवशीही राहते, चालताना वाढते, पोटरी गरम लागते आणि त्वचा लालसर दिसते. दिवसभर उभे राहिल्याने येणारी सूज सहसा दोन्ही पायांवर असते, येथे ती एकाच पायावर आहे. गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजल्यास तीन सेंटीमीटरहून अधिक फरक आढळणे, ही डॉक्टरांच्या लेखी महत्त्वाची खूण असते. फरक कमी भरला म्हणून गुठळी नाही, असे मात्र ठरत नाही.

अशा पायाला मालिश करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. डॉप्लर सोनोग्राफीत शीर दाबून पाहतात. निरोगी शीर दाबली जाते, गुठळी असलेली पूर्णपणे दबत नाही. निदान झाल्यास रक्त पातळ ठेवणारी औषधे साधारणतः किमान तीन महिने द्यावी लागतात आणि गर्भनिरोधनाचा वेगळा मार्ग निवडावा लागतो.

गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर अचानक धाप लागते, खोल श्वास घेताना छातीत टोचते, नाडी जलद चालते. क्वचित खोकल्यातून रक्त पडते किंवा भोवळ येते. पाय मुळीच दुखला नसतानाही असे होऊ शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ किंवा ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एक गोष्ट वारंवार राहून जाते. ‘कोणते औषध चालू आहे?’ या प्रश्नाला अनेक स्त्रिया ‘काही नाही’ असे उत्तर देतात. पाळीची किंवा मुरुमांची गोळी त्यांच्या हिशेबी औषध नसते. मग तरुण स्त्रीची धाप आम्लपित्त किंवा घबराट म्हणून सोडून दिली जाण्याचा संभव वाढतो. गोळ्यांचे पाकीटच सोबत नेऊन दाखवले, तर डॉक्टरांना त्यातील घटकही कळतात.