आभार कुठे, कसे मानावेत

घरात आणि शेजारात मराठी माणूस ‘धन्यवाद’ क्वचितच म्हणतो. तिथे वेळेवर धावून आलेल्याला आपण म्हणतो, “बरं झालं बाई आलीस” किंवा “तुम्ही होतात म्हणून निभावलं.” शेजारच्या काकूंनी वाटीभर खीर दिली, तर ती वाटी रिकामी परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. तिथे शब्दांची गरजच उरत नाही. दुकानात, रिक्षात, कचेरीत ‘थँक्यू’ सर्रास चालतं आणि त्यात काही वावगं नाही.

वडीलधाऱ्यांना किंवा परक्यांना मात्र “मी आपला आभारी आहे” हे शोभतं. बाईने ‘आपली आभारी आहे’ म्हणावं. इथे क्रियापद सांभाळावं लागतं: आभार मानतात, धन्यवाद देतात. ‘तुमचे धन्यवाद करतो’ ही हिंदीची छाया आहे, ती टाळावी.

खरी कसोटी सभेतल्या आभारप्रदर्शनाची. वाचनालयाचा वार्षिक समारंभ घ्या. अध्यक्षांचं भाषण संपलेलं असतं, लोक उठायच्या बेतात असतात. अशा वेळी आधी अध्यक्ष आणि पाहुणे, मग देणगीदार, सभागृह देणारे, ध्वनिक्षेपकवाले, स्वयंसेवक आणि शेवटी श्रोते, असा क्रम ठेवावा. “आभार न मानता ऋणात राहणं पसंत करतो” हे वाक्य इतकं झिजलंय की कुणालाच पोचत नाही. त्यापेक्षा “पाहुणे ताप असूनही आले, त्यांचे मनापासून आभार” असं नेमकं कारण सांगावं.