शब्द आधीच भरलेली लिंक

तालुक्याच्या एखाद्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहितात, "मोडी लिपीची माहिती गूगलवर शोधा." पुढे काय होतं, ते आपण सगळे जाणतो. निम्म्या मंडळींच्या फोनवर मराठी कळफलक नसतो. ती रोमन अक्षरांत मोडी लिहितात आणि समोर पंतप्रधानांच्या बातम्या येतात. उरलेले कोणी 'मोडि लीपी' टाकतात, कोणी नुसतंच 'लिपी'. बाईंना जे नेमकं दाखवायचं होतं, ते फारच थोड्यांना दिसतं.

यावर उपाय सोपा आहे आणि फुकटही. शोधायचे शब्द आत भरूनच लिंक पाठवायची. समोरच्याने बोट लावलं की निकालांचं पान उघडतं, टाइप काहीच करावं लागत नाही. अशी लिंक हाताने तयार करता येते आणि तिचा सांगाडा एकदा कळला की कोणत्याही विषयासाठी वापरता येतो.

गूगलवर काहीही शोधून वर अॅड्रेस बारमध्ये पाहा. पत्ता लांबलचक दिसतो, पण त्यातला कामाचा भाग एवढाच:

```
https://www.google.com/search?q=मोडी+लिपी
```

प्रश्नचिन्हापर्यंतचा भाग म्हणजे पानाचा पत्ता. त्यानंतर आपण त्या पानाला काय सांगतो ते सुरू होतं. `q` हे खान्याचं नाव, बरोबरच्या चिन्हापुढे त्या खान्यात भरायचा मजकूर, आणि दोन शब्दांमधली मोकळी जागा अधिकच्या चिन्हाने दाखवलेली. आणखी काही सांगायचं असेल तर मध्ये `&` टाकून पुढचा खाना सुरू करायचा. शोध घेतल्यावर पत्त्याच्या शेवटी `ei`, `ved`, `sclient` असं जे शेपूट लागलेलं असतं, ते गूगलच्या स्वतःच्या हिशोबासाठी असतं. ते सरळ छाटून टाका, निकाल येतातच. लोक शेपटासकट चार-चार ओळींची लिंक पाठवतात. त्याने काही बिघडत नाही, पण ती वाचवत नाही आणि तिचा क्यूआर कोड केला तर तो उगाच गिचमिड होतो.

आता मराठीचा प्रश्न. वेबवरच्या पत्त्यात अधिकृतपणे फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं चालतात. बाकीच्या सगळ्या लिप्यांना टक्केवारीच्या चिन्हाचा वेश घ्यावा लागतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइटांत साठवलं जातं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट `%` व पुढे दोन चिन्हं असा लिहिला जातो. 'म' होतो `%E0%A4%AE`. त्यावरचा काना-मात्रा मिळून स्वतंत्र चिन्ह मानलं जातं, तो `%E0%A5%8B`. म्हणजे एका 'मो'साठी अठरा चिन्हं झाली. 'मोडी लिपी' पूर्ण लिहायचं तर असं:

```
%E0%A4%AE%E0%A5%8B%E0%A4%A1%E0%A5%80+%E0%A4%B2%E0%A4%BF%E0%A4%AA%E0%A5%80
```

चार अक्षरं आणि एक मोकळी जागा, त्याची झाली ७३ चिन्हं. पाहून घाबरायचं कारण नाही, कारण हे रूपांतर ब्राउझर स्वतःच करतो. तुम्ही पट्टीत मराठी टाइप केलंत तरी आत हेच जातं. बऱ्याच ब्राउझरांत वर छान मराठी दिसतं आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की ही टक्केवारीची रांग बाहेर पडते, त्याचं कारण हेच. लिंक बिघडलेली नसते. `%E0%A4` आणि `%E0%A5` पुन्हा पुन्हा दिसत असेल तर आत देवनागरी आहे, एवढं ओळखायला शिकलं तरी पुरे.

मग हाताने पाठवताना मराठी ठेवावं की टक्केवारी? ब्राउझरच्या पट्टीत दोन्ही चालतात. पण मेसेज, ईमेल किंवा जुन्या प्रणालीत लिंक कुठे संपते हे ते अॅप ठरवतं, आणि मोकळी जागा आली की ते थांबतं. `q=मोडी लिपी` असं मोकळी जागा ठेवून पाठवलंत तर निळी लिंक 'मोडी'पाशी संपते आणि 'लिपी' बाजूला पोरकी उरते. म्हणून निदान मोकळ्या जागेऐवजी `+` किंवा `%20` हवंच. छापायचं किंवा शंभर जणांना पाठवायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण टक्केवारीचं रूप वापरा. दिसायला कुरूप, पण वाटेत तुटत नाही.

खरा घोळ मराठी अक्षरांनी होतच नाही, तो होतो साध्या चिन्हांनी. कुणी मसाल्याची कृती पाठवायला `q=कांदा & लसूण मसाला` असं लिहितं. `&` दिसताच पलीकडचा सर्व्हर समजतो की हा खाना संपला, नवा सुरू झाला. शोध होतो फक्त 'कांदा' या शब्दाचा. अधिकच्या चिन्हाचा प्रकार याहून फसवा आहे. रक्तगटाची माहिती देताना `q=O+ रक्तगट` लिहिलं, तर `+` म्हणजे मोकळी जागा असं धरलं जातं आणि शोध होतो 'O रक्तगट'. निकाल येतात, पान नीट दिसतं, आणि पॉझिटिव्ह गळून गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. `#` तर सर्वांत वाईट. त्याच्यापुढचं काहीच सर्व्हरपर्यंत जात नाही, ब्राउझर ते स्वतःजवळच ठेवतो. त्यामुळे हॅशटॅगचा शोध म्हणून पाठवलेली लिंक रिकामा खाना घेऊन उघडते. या तिघांना लिंकमध्ये अनुक्रमे `%26`, `%2B` आणि `%23` असं लिहावं लागतं.

चूक ओळखायची जागा एकच: उघडलेल्या पानावरचा शोधाचा चौकोन. निकाल पाहू नका, आधी चौकोनातला मजकूर वाचा. अर्धाच शब्द असेल तर `&` किंवा मोकळ्या जागेने घात केला आहे. रिकामा असेल तर `#`. आणि चौकोनातच `%E0%A4%AE` असं काही दिसत असेल, तर रूपांतर दोनदा झालं आहे. आधीच बदललेला मजकूर कुणीतरी पुन्हा बदलला, `%` चं `%25` झालं.

मराठीची म्हणून दोन खास दुखणी आहेत. पहिलं जुन्या फाँटचं. छापखान्यातल्या किंवा कचेरीतल्या जुन्या फाइलींतला मजकूर कृतीदेव, श्रीलिपी अशा फाँटांत असतो. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. कृतीदेवमधली 'मोडी लिपी' उचलून लिंकमध्ये चिकटवली तर `eksMh fyih` असं जातं आणि गूगल बिचारं तेच शोधतं. अशा मजकुराचं आधी युनिकोडमध्ये रूपांतर करणं किंवा तो शब्द नव्याने टाइप करणं, याला पर्याय नाही.

दुसरं दुखणं अर्ध्या र-चं. 'दऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यांच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह असतं, जे लिंकमध्ये `%E2%80%8D` असं दिसतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण संकेतांची तंतोतंत तुलना करणाऱ्या साध्या शोधसोयीत, म्हणजे एखाद्या लहान संग्रहाच्या सूचीत वगैरे, एकाने सापडेल आणि दुसऱ्याने नाही. शिवाय कॉपी करताना ते अदृश्य चिन्ह गळलं तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगर शोधायला निघालेला माणूस समुद्रावर पोचतो!

आता बाईंचं काम पुरं करू. त्यांना मराठी विश्वकोशातलीच माहिती हवी आहे आणि दोन्ही शब्द जोडीनेच यायला हवेत. अशा वेळी शब्दांना अवतरणचिन्हं लावायची, म्हणजे दोन्ही बाजूंना `%22`, आणि पुढे संकेतस्थळाचं बंधन घालायचं:

```
https://www.google.com/search?q=%22मोडी+लिपी%22+site:marathivishwakosh.org
```

`site:` नंतर मोकळी जागा सोडायची नाही. सोडली तर बंधन लागू होत नाही.

असे पन्नास विषय असतील तर हाताने कशाला करायचे? गूगल शीट्समध्ये पहिल्या रकान्यात शब्द लिहा आणि शेजारी हे सूत्र द्या:

```
="https://www.google.com/search?q="&ENCODEURL(A2)
```

`ENCODEURL` मराठी अक्षरं, मोकळी जागा, `&`, `+`, `#` सगळं बदलून देतं. एकच पथ्य पाळायचं: पूर्ण पत्ता त्याच्या कंसात घालायचा नाही, फक्त शब्द घालायचे. नाहीतर पत्त्यातले कोलन आणि तिरप्या रेघाही बदलतात आणि लिंक मरते.

दुसऱ्या ठिकाणांचं खान्याचं नाव वेगळं असतं. यूट्यूबवर ते `search_query` आहे, डकडकगोवर `q` च. मराठी विकिपीडियाची एक खोड ध्यानात ठेवावी:

```
https://mr.wikipedia.org/w/index.php?search=मोडी+लिपी&fulltext=1
```

शेवटचं `&fulltext=1` काढलं आणि नेमक्या त्या नावाचा लेख असला, तर निकालांची यादी न येता थेट लेखच उघडतो. कधी तेच हवं असतं, कधी नको असतं. अनोळखी संकेतस्थळाचं नाव शोधायचं तर तिथे एखादा निरर्थक इंग्रजी शब्द शोधा आणि तो पत्त्यात कुठे उमटतो ते पाहा. कुठेच उमटला नाही, तर ते स्थळ शब्द पत्त्यातून पाठवत नाही आणि तिथे अशी लिंक बहुधा बनत नाही.

एवढं करूनही लिंकमध्ये जातो तो प्रश्न, निकाल नव्हेत. आज पहिला दिसलेला लेख पुढच्या महिन्यात खाली गेलेला असू शकतो, आणि गावोगावच्या माणसांना क्रमही वेगळा दिसतो. एकच ठरावीक लेख वाचायला द्यायचा असेल तर त्या लेखाचीच लिंक द्यावी. तसंच, शब्द पत्त्यात उघडे असतात आणि उघडणाऱ्याच्या ब्राउझरच्या इतिहासात राहतात, म्हणून कुणाचं नाव किंवा आजार त्यात घालू नये. बाकी पाठवण्याआधी ती लिंक स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून फोनवर उघडा आणि चौकोनातला मजकूर अक्षर न् अक्षर वाचा, मगच ग्रुपवर टाका.