वहीतला हिशेब गूगलपर्यंत

समजा, पुण्यात मॉड्युलर किचनचं एक दुकान आहे आणि ते गूगलवर महिन्याला एक लाखाची जाहिरात करतं. निम्मे पैसे ‘मॉड्युलर किचन डिझाइन’ असं शोधणाऱ्यांवर जातात, निम्मे ‘मॉड्युलर किचन शोरूम कोथरूड’ असं शोधणाऱ्यांवर. पहिल्या गटातून ८० चौकशा येतात, दुसऱ्यातून २५. म्हणजे पहिली चौकशी ६२५ रुपयांना पडली आणि दुसरी २,००० ला.

गूगलला एवढंच दिसतं. प्रत्येक शोधावेळी जाहिरातींचा लिलाव होतो आणि किती बोली लावायची हे यंत्रच ठरवतं. त्याला ‘चौकशा वाढव’ असं सांगितलेलं असेल, तर ते स्वस्त गटाकडेच वळणार.

दुकानातली वही मात्र उलटंच सांगते. पहिल्या गटातून एकच ऑर्डर आली, १ लाख ८० हजारांची. दुसऱ्यातून पाच आल्या, एकूण ११ लाखांच्या. डिझाइन शोधणारे बहुतेक जण फोटो बघायला आले होते, शोरूम शोधणाऱ्यांच्या घराचं काम सुरू होतं. हा फरक कोटेशन हातात पडल्यावर, दुकानात समोरासमोर बसून उमगतो. तिथे गूगल नसतं. म्हणून ही माहिती त्याच्याकडे परत पाठवावी लागते.

परत पाठवण्याचा दुवा असतो `gclid`. ऑटो-टॅगिंग चालू असेल, तर जाहिरातीवर क्लिक होताच वेबसाइटच्या पत्त्याला हा लांबलचक क्रमांक चिकटतो. चौकशीच्या फॉर्ममध्ये एक लपलेला रकाना ठेवून तो ग्राहकाच्या नावाबरोबर साठवायचा. महिनाभराने ऑर्डर पक्की झाली की तोच क्रमांक, तारीख-वेळ आणि रक्कम फाइलमधून गूगलवर चढवायची:

```
Parameters:TimeZone=Asia/Kolkata
Google Click ID,Conversion Name,Conversion Time,Conversion Value,Conversion Currency
```

आता यंत्राला ‘चौकशा वाढव’ऐवजी ‘रक्कम वाढव’ असं सांगता येतं, आणि बोली कोथरूडच्या शोधाकडे सरकू लागते.

फोनचं काम जास्त किचकट आहे, कारण फोनवरून येणाऱ्या ग्राहकाबरोबर कुठलाही क्रमांक येत नाही. कॉल ट्रॅकिंगची सेवा वेबसाइटवर प्रत्येक पाहुण्याला वेगळा नंबर दाखवते. त्या नंबरवर घंटी वाजली की फोन कुठल्या क्लिकमुळे आला हे कळतं. एरवी कॉल किती वेळ चालला यावरून तो मोजला जातो आणि ही मर्यादा सहसा ६० सेकंद असते. पण जुन्या गिऱ्हाइकाची ड्रॉवर अडकल्याची तक्रार पाच मिनिटं चालते, नोकरी मागणारेही बराच वेळ बोलतात. म्हणून फोन घेणाऱ्याने कॉल संपताच ‘नवीन ग्राहक’, ‘तक्रार’ की ‘इतर’ अशी खूण करायलाच हवी. पुढे जे काही शिकायचं आहे, ते या दहा सेकंदांच्या खुणेवर उभं असतं.

व्हॉट्सॲपवर गेलेला ग्राहक तर हमखास हरवतो. त्यावर एक साधा उपाय आहे. वेबसाइटच्या बटणातून उघडणाऱ्या मेसेजमध्ये आधीच ‘चौकशी क्र. ४१७२’ असं लिहून ठेवायचं आणि तो आकडा `gclid` शी जोडून ठेवायचा.

खरी अडचण पुढे येते. महिन्याला सहा ऑर्डरींवरून यंत्र फारसं शिकत नाही, शिवाय ऑर्डर ठरायला आठवडे लागतात. क्लिक होऊन ९० दिवस उलटले, तर नोंद स्वीकारलीच जात नाही. अशा वेळी मधला टप्पा पकडायचा. १०५ चौकशांपैकी ३० जण शोरूमला आले आणि त्यातून १२ लाख ८० हजारांच्या ऑर्डरी मिळाल्या असतील, तर एका भेटीचं मोल साधारण ४३ हजार होतं. ही भेट आठवड्याभरात घडते, म्हणून यंत्रही लवकर शिकतं. मात्र भेट आणि ऑर्डर दोन्ही मुख्य नोंदी म्हणून लावल्या, तर एकच ग्राहक दोनदा मोजला जातो. बोलीसाठी दोन्हींपैकी एकच वापरावी, दुसरी फक्त पाहण्यापुरती ठेवावी.

चुका बारीक असतात. `gclid` मध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालत नाही. एखादं सॉफ्टवेअर ती सगळी लहान करतं किंवा रकाना अपुरा पडून शेवटची अक्षरं कापतं, आणि नोंद नाकारली जाते. टाइमझोन चुकला की खरेदी क्लिकच्या आधी झाल्यासारखी दिसते. `gclid` नसेल तेव्हा ग्राहकाच्या संमतीने त्याचा फोन नंबर सांकेतिक रूपात पाठवून जुळणी करता येते. पण तो `+91` ने सुरू व्हायला हवा. मागे शून्य लावून लिहिलेला नंबर जुळत नाही, आणि एक्सेल तर बारा आकडी नंबर `9.19E+11` असा करून टाकतं. म्हणून तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. फाइल चढवल्यावर किती ओळी स्वीकारल्या आणि किती नाकारल्या याचा तपशील गूगल दाखवतं. पहिले काही आठवडे तो रोज उघडून वहीतल्या ऑर्डरींशी ताडून पाहावा.