प्रवासखर्चाच्या दाव्यात हिशेबनीस काय तपासतो

कंपनीच्या कामासाठी कर्मचाऱ्याने केलेला प्रवासखर्च परत मिळवण्याच्या अर्जाला नोकरदार मंडळी ‘क्लेम’ म्हणतात. तो तपासणारा हिशेबनीस प्रवासाला गेलेला नसतो. त्यामुळे प्रवास कोणाच्या परवानगीने झाला, केव्हा झाला आणि पैसे कशावर गेले, हे सगळे त्याला कागदांवरूनच समजून घ्यावे लागते.

पुण्याच्या एका कंपनीतील कर्मचारी नागपूरला तीन दिवसांच्या कामासाठी गेला, असे उदाहरण घेऊ. विभागप्रमुखाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी ईमेलने मंजुरी दिली. त्यात १२ ते १४ नोव्हेंबर ही कामाची तारीख, कामाचे कारण आणि १२,००० रुपयांची मर्यादा नमूद होती. रेल्वेचे तिकीट ५ तारखेला काढले गेले. हिशेबनीस हा क्रम आधी पाहतो. मंजुरीची तारीख तिकिटानंतरची असेल तर ती पूर्वमंजुरी ठरत नाही आणि क्लेम खुलाशासाठी परत येतो. ‘साहेबांनी फोनवर हो म्हटले होते’ हे खरे असले तरी फाइलला लावता येत नाही. अशा वेळी त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यानुसार तिकीट काढत आहे’ असा दोन ओळींचा ईमेल पाठवून त्यावर होकार घेतलेला बरा.

कर्मचारी ११ तारखेच्या रात्री पुण्याहून निघाला आणि १४ च्या संध्याकाळी नागपूरहून परतीच्या गाडीत बसला. मंजुरी १२ पासूनची आणि तिकीट ११ चे, ही तफावत रात्रीच्या प्रवासामुळे आहे, हे अर्जात एका वाक्यात लिहिले की पुढची विचारणा टळते.

खर्च असा झाला. जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे २,९६० रुपये, हॉटेलचे दोन रात्रींचे भाडे करासह ५,२५० रुपये, रिक्षा व टॅक्सी ८६० रुपये. शिवाय कंपनीच्या नियमानुसार जेवणाचा भत्ता दिवसाला ६०० रुपये, म्हणजे तीन दिवसांचे १,८०० रुपये. एकूण १०,८७० रुपये झाले. निघताना ८,००० रुपये अॅडव्हान्स घेतला होता, म्हणून येणे उरले २,८७० रुपये.

पण हॉटेलचे बिल ५,८८० रुपयांचे होते, कारण त्यात एका रात्रीचे ६३० रुपयांचे जेवण होते. अख्खे बिल क्लेममध्ये धरले तर जेवणाचे पैसे दोनदा मागितले जातात, एकदा भत्त्यातून आणि एकदा बिलातून. हेतू वाईट नसला तरी तपासणीत ही रक्कम कापली जाते. म्हणून तक्त्यात बिलाचा क्रमांक आणि तारीख लिहून ‘बिल ५,८८०, पैकी खोलीभाडे ५,२५०’ अशी स्पष्ट नोंद करावी.

बिल म्हणून काय चालते, याबाबत सर्वाधिक घोटाळा होतो. ऑनलाइन बुकिंगची पावती म्हणजे हॉटेलचे बिल नव्हे; ती आरक्षण झाल्याचे सांगते, मुक्काम झाल्याचे नाही. यूपीआयच्या व्यवहाराचे चित्र पैसे गेल्याचे दाखवते, पण कशासाठी गेले ते दाखवत नाही. ते बिलासोबत जोडावे, बिलाऐवजी नको. रिक्षावाला पावती देत नाही हे सगळ्यांनाच माहीत असते. त्यासाठी तारीख, कुठून कुठे, कशासाठी आणि किती, असा सहीचा तक्ता बहुतेक ठिकाणी ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो. थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, तेव्हा अशा पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

हॉटेलच्या बिलावर कंपनीचे नाव आणि जीएसटी क्रमांक का मागतात, याचे कारण बऱ्याच कर्मचाऱ्यांना कोणी सांगतच नाही. खोलीभाड्यावरचे २५० रुपये कर कंपनीला आपल्या देय करातून वजा करता येऊ शकतो. त्यासाठी हॉटेलने ते बिल कंपनीच्या क्रमांकावर आपल्या विवरणपत्रात दाखवावे लागते, तेव्हाच ते कंपनीच्या जीएसटीआर-२बी या विवरणात उमटते. बिल कर्मचाऱ्याच्या नावावर निघाले तर ही वजावट जाते. नंतर बिल बदलून घेणे त्रासाचे असते, म्हणून खोली घेतानाच क्रमांक द्यावा. मात्र हॉटेल पणजीत असेल आणि कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल, तर क्रमांक देऊनही हा कर वजा होत नाही. मुक्कामाच्या सेवेवर हॉटेल ज्या राज्यात असेल त्या राज्याचा कर लागतो आणि गोव्याचा राज्य कर महाराष्ट्रातल्या नोंदणीत वळता करता येत नाही. तेव्हा कंपनी करासह पूर्ण रक्कम खर्ची टाकते. कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या पैशांत फरक पडू नये.

काम लांबले आणि मुक्काम एक रात्र वाढला, तर नवी मंजुरी त्याच दिवशी घ्यावी लागते, एकूण खर्च १२,००० च्या आत बसत असला तरीही. कारण मूळ मंजुरी रकमेइतकीच तारखांनाही दिलेली असते. क्लेम मंजूर झाला की अॅडव्हान्सची नोंद मिटते आणि फरकाचे २,८७० रुपये खात्यात जमा होतात. खर्च अॅडव्हान्सपेक्षा कमी झाला असेल तर उरलेली रक्कम कर्मचाऱ्याने परत भरायची असते, आणि ती भरेपर्यंत त्याच्या नावावर येणे दिसत राहते.