कानाची पाळी ओढली आणि कळ आली

सुट्टीत आजोळी आलेला तेरा वर्षांचा मुलगा. रोज सकाळी दोन-दोन तास विहिरीत डुंबणं, वर येऊन न्याहारी, दुपारी पुन्हा विहीर. पाचव्या-सहाव्या दिवशी उजवा कान खाजायला लागतो. पाणी राहिलं असेल म्हणून तो मामीच्या आरशापुढचा इअरबड घेतो आणि खोलवर फिरवतो. क्षणभर इतकं बरं वाटतं की दिवसातून चार वेळा तेच चालू होतं. दोन दिवसांत खाज जाऊन ठणका उरतो. त्या कुशीवर निजता येत नाही, भाकरी चावताना कानात कळ येते. आजी मायेने लसणीच्या पाकळ्या टाकून तेल कढवते आणि कोमट झाल्यावर चार थेंब कानात सोडते. सकाळी कानाला दडे बसलेले असतात आणि ठणका दुप्पट झालेला असतो.

एप्रिल-मेमध्ये कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे अशी मुलं येतच असतात. डॉक्टर कानात दुर्बीण घालण्याआधी एक साधी गोष्ट करतात. कानाची पाळी हलकेच ओढतात आणि छिद्रासमोरचा छोटा उंचवटा बोटाने दाबतात. मुलगा ओरडतो. आजार कानाच्या बाहेरच्या नळीत आहे, याचा मोठा पुरावा डॉक्टरांना तिथेच मिळालेला असतो.

असं का होतं, ते नळीच्या रचनेत आहे. छिद्रापासून पडद्यापर्यंतची ही नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे बाहेर दिसणारा कान ज्या लवचिक हाडासारख्या पदार्थाचा बनलेला असतो त्याचाच. त्यामुळे कान ओढला की नळीही हलते आणि तिची सुजलेली त्वचा ताणली जाते. आतल्या भागात तर पातळ त्वचा थेट हाडाला चिकटलेली असते. तिथे सूज आली की तिला पसरायला जागाच नसते. एवढ्याशा जागेतला आजार माणसाला रात्रभर जागवतो तो म्हणूनच.

पडद्यामागच्या मधल्या कानाचा आजार वेगळा. तो बहुधा लहान मुलांना सर्दी-पडशामागून होतो, बरोबर ताप असतो, पण पाळी ओढल्याने दुखणं वाढत नाही. आत साचलेल्या पुवाने पडदा फाटला की पू वाहतो आणि ठणका एकदम उतरतो. आपल्याकडे कानातून काहीही आलं तरी ‘कान फुटला’ म्हणतात, पण या दोन दुखण्यांचे उपचार निरनिराळे आहेत. पाळी ओढण्याची खूण उपयोगी असली तरी शेवटचा शब्द तिचा नाही. नळीतल्या साध्या फोडानेही तशीच कळ येते आणि कधी दोन्ही आजार एकत्र असतात. म्हणून दुर्बिणीने पाहावंच लागतं.

विहिरीच्या पाण्यात आणि इअरबडमध्ये मिळून नेमकं काय घडलं, हे समजायला आधी मळाकडे पाहायला हवं. ज्याला आपण घाण समजतो तो मळ हे नळीचं पांघरूण आहे. तो तेलकट असल्याने पाणी त्वचेत मुरत नाही आणि किंचित आम्ल असल्याने जंतूंना वाढता येत नाही. तो काढायची सोयही शरीरानेच केली आहे. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेर, नखं वाढावीत तशा संथ गतीने सरकत असते आणि मळाला बरोबर घेऊन येते. बोलताना, चावताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते.

तासन् तास पाण्यात राहिल्यावर हे पांघरूण पातळ होतं, त्वचा भिजून फुगते आणि खाजते. इअरबड उरलेला मळ थोडा पुसतो, बराचसा आत ढकलतो आणि मऊ पडलेल्या त्वचेवर बारीक ओरखडे काढतो. पाण्यात आणि ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू त्या ओरखड्यांतून आत शिरतो. त्वचेवरचा स्टॅफिलोकोकसही अनेकदा असतो. जंतू वाढले की खाज वाढते, खाज वाढली की बड पुन्हा कानात जातो.

हा बड अमेरिकेत १९२३ च्या सुमारास लिओ गर्स्टेनझँग यांनी तान्ह्या बाळांसाठी बाजारात आणला. आज ‘कानाच्या नळीत घालू नये’ ही सूचना कित्येक पाकिटांवर छापलेली असते. भारतात १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या दांडीच्या बडवर बंदी आली, ती कचऱ्याच्या कारणाने. लाकडी किंवा कागदी दांडीचा बड कानाला तितकाच घातक आहे. हेअरपिन, किल्ली आणि आगपेटीची काडी तर त्याहून वाईट.

मुलाच्या नळीत डॉक्टरांना लाल सूज, पांढुरका चिकट स्राव आणि आजीचं तेल दिसतं. आधी उजेडात, बारीक नळीने ओढून हे सगळं साफ केलं जातं, कारण घाणीच्या थराखाली औषध पोचत नाही. पिचकारीने पाणी मारणं इथे टाळतात. मग येतात थेंब. पुष्कळ पालक विचारतात, ‘‘डॉक्टर, गोळ्या नाही देत?’’ या आजारात बहुतेकांना प्रतिजैविकाच्या गोळ्या लागत नाहीत. थेंबांतून औषध जिथे हवं तिथे, गोळीपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र पोचतं. आजार नळीबाहेर पसरला असेल किंवा रोग्याला मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. सुजेने नळी मिटलीच असेल, तर डॉक्टर औषध शोषून घेणारी बारीक वात आत बसवतात आणि थेंब तिच्यावर सोडायला सांगतात.

थेंब घालायची रीत चुकली तर औषध उशीवर जातं. बाटली दोन मिनिटं मुठीत धरायची, कारण गार थेंबांनी चक्कर येते. दुखरा कान वर करून आडवं व्हायचं, पाळी वर आणि मागे धरून थेंब सोडायचे, छिद्रासमोरचा उंचवटा दोन-चारदा दाबायचा आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस छिद्राच्या तोंडाशी ठेवायचा आणि नंतर काढून टाकायचा.

कपाटातली मागच्या वेळची बाटली मात्र वापरू नये. पडद्याला भोक असेल तर जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले काही थेंब आतल्या कानाला, म्हणजे ऐकण्यालाच, इजा करू शकतात. शिवाय असे थेंब परत परत घातले की नळीत बुरशी माजते. भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा करडा थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. कोकण-गोव्यासारख्या दमट हवेत ती जास्त आढळते, आणि तिला जंतूंचं औषध लागू पडत नाही.

घरात मधुमेही आजोबा असतील तर त्यांच्या कानदुखीला ‘मळ असेल’ म्हणून बाजूला ठेवू नये. थेंब घालूनही ठणका वाढत जातो, रात्री झोप उडते, स्राव थांबत नाही, कधी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. तेव्हा जंतू नळीतून कवटीच्या तळाच्या हाडात शिरलेला असू शकतो. हा आजार जिवावर बेतू शकतो आणि त्याला रुग्णालयात, कित्येक आठवडे औषध द्यावं लागतं. चेहरा लुळा पडण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायला हवं.

मुलाचा ठणका तिसऱ्या दिवशी बराच उतरतो आणि तो पुन्हा भाकरी चावून खातो. थेंब मात्र सांगितलेले सगळे दिवस चालू राहतात. तोवर तो विहिरीच्या कठड्यावर बसून मामेभावांच्या उड्या मोजतो. डॉक्टर पुन्हा तपासून परवानगी देतात, तेव्हा सुट्टीचे चारच दिवस उरलेले असतात. आता वर आल्यावर तो मान उजवीकडे कलती करतो, पाळी मागे ओढून पाणी निथळू देतो आणि टॉवेलच्या कोपऱ्याने दिसतो तेवढाच कान पुसतो.